‘बरा होता’ म्हणणारा साहेब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९९९ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा पिंपरी-चिंचवड भागातल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो. दुपारी जेवणाचा डबा उघडलेला होता आणि टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एका कंपनीतले अधिकारी होते. आमच्याकडे पूर्वी काम केलेल्या एका तरुणाचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, “मुलगा कसा आहे?” मी म्हटलं, “बरा होता. काही तक्रार नव्हती.” ते म्हणाले, “पुन्हा घ्याल का त्याला?” मी थोडं थांबलो. खरं तर मला त्याचा चेहराच नीट आठवत नव्हता. तो आठवत होतो म्हणून थांबलो आणि म्हणालो, “हो, घ्यायला हरकत नाही.” फोन ठेवला, डबा संपवला आणि ती गोष्ट विसरून गेलो.

दोन महिन्यांनी तो तरुण बसस्टॉपवर भेटला. हसून म्हणाला, “साहेब, ती नोकरी नाही झाली. बाकी सगळं ठरलं होतं.” त्यानं मला दोष दिला नाही. माझ्या त्या एका फोनमुळेच नोकरी गेली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्याच्याबद्दल वाईट असं काही माझ्याकडे नव्हतंच. उलट रात्रपाळीत बंद पडलेलं मशीन यानं दोनदा चालू करून दिलं होतं, हे मला तो समोर उभा राहिल्यावर आठवलं. फोनवर आठवलं नाही, कारण तो फोन येणार आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं बायोडाटात माझं नाव घातलं होतं, पण मला कळवलं नव्हतं.

आज मी याच विषयावर बोलणार आहे. नवी नोकरी धरताना आपल्याबद्दल सांगायला कुणाची नावं द्यावीत, त्यांना आधी काय सांगून ठेवावं, आणि ज्या जुन्या साहेबाचं नाव देणं भाग आहे तोच जर कोमट बोलणार असेल, तर काय करावं. कार्यालयांत या माणसांना सरसकट ‘रेफरन्स’ म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो.

आधी एक घोळ दूर करू. कंपन्या दोन वेगवेगळ्या गोष्टी तपासतात आणि उमेदवार त्यांना एकच समजतात. पहिली तपासणी कागदाची. तुम्ही अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत तिथं होतात का, हुद्दा काय होता, पगार किती होता, रीतसर राजीनामा देऊन, हिशेब पुरा करून बाहेर पडलात का. हे काम बहुधा बाहेरच्या एजन्सीकडे असतं आणि ती जुन्या कंपनीच्या एचआर खात्याला ई-मेल पाठवते. रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावरची नोकऱ्यांची नोंद, यांवरून हे पडताळता येतं. दुसरी तपासणी माणसाची. कुणीतरी तुमच्या जुन्या वरिष्ठाला फोन करतं आणि विचारतं, काम कसं होतं, अडचण आली की कसा वागायचा, कुठं कमी पडायचा, पुन्हा घ्याल का. कागदाच्या तपासणीत आपण फार काही करू शकत नाही, फक्त तारखा खऱ्या आणि जुळत्या द्यायच्या. दुसऱ्या तपासणीत मात्र पुष्कळ काही आपल्या हातात असतं, आणि तिथंच माणसं गाफील राहतात.

हे सगळं एका प्रसंगातून सांगतो. २०२५ च्या पावसाळ्यात माझी भाची माझ्याकडे आली. ती इंजिनिअर आहे. जून २०१८ ते मार्च २०२३ ती चाकणच्या एका कारखान्यात होती. बाहेरच्या पुरवठादारांकडून जे सुटे भाग येतात, त्यांचा दर्जा सांभाळण्याचं काम तिच्याकडे होतं. तिथून ती रांजणगावला दुसऱ्या कंपनीत गेली. आता नाशिकच्या एका कंपनीत तिच्या तीन मुलाखती झाल्या होत्या आणि चौथा टप्पा म्हणून एक फॉर्म आला होता. तीन रेफरन्स द्या, त्यांतला एक तरी पूर्वीचा थेट वरिष्ठ हवा, असं त्यात लिहिलं होतं.

तिनं तीन नावं लिहून आणली होती. पहिलं नाव चाकणच्या कंपनीतल्या एका व्हाइस प्रेसिडेंटचं. दुसरं तिच्या काकांच्या मित्राचं, ज्यांचा भोसरीला स्वतःचा कारखाना आहे. तिसरं तिच्या बरोबरीनं काम करणाऱ्या मैत्रिणीचं. मी विचारलं, “या व्हाइस प्रेसिडेंटनी तुझं काम कधी पाहिलंय?” ती म्हणाली, “मामा, वार्षिक कार्यक्रमात त्यांनी मला बक्षीस दिलं होतं ना.” मी म्हटलं, “मग ते सांगतील, हो, एका मुलीला बक्षीस दिल्याचं आठवतंय. पुढे काय?”

आपल्याकडे हा गोंधळ जुना आहे. रेफरन्स म्हटलं की आपल्याला शिफारस आठवते, आणि शिफारस म्हटलं की मोठं नाव. पण वशिल्याला वजन लागतं आणि रेफरन्सला आठवण लागते. फोन करणारा माणूस अनुभवी असेल तर तो दुसऱ्याच प्रश्नाला विचारतो, “एखादा प्रसंग सांगता का?” मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे तेव्हा सांगण्यासारखं काही नसतं. काकांचे मित्र तर बादच, कारण त्यांनी तिला कामावर कधी पाहिलेलंच नाही. मैत्रीण अगदीच वाईट नाही, पण मैत्रीण चांगलंच बोलणार हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं.

मग आम्ही दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. मी तिला म्हटलं, “नावं बाजूला ठेव. चाकणला तू कोणतं काम असं केलंस की ज्यामुळे दुसऱ्या कुणाचा त्रास कमी झाला?” ती लगेच म्हणाली, कास्टिंगचं. सुरुवातीला पुरवठादारांकडून येणाऱ्या दर हजार कास्टिंगमागे २८ नग सदोष निघत. दीड वर्षात ते प्रमाण हजारी ६ वर आलं. “मग हे कुणी जवळून पाहिलं?” याचं उत्तर शोधताना खरी यादी तयार झाली.

एक, तिचे थेट मॅनेजर. दोन, असेंब्ली शॉपचे प्रमुख, कारण सदोष नग आले की त्यांची लाइन थांबायची आणि ती थांबायची बंद झाली ती हिच्यामुळे. तीन, कोल्हापूरचे एक फाउंड्रीवाले. हे नाव ऐकून ती दचकली. म्हणाली, “त्यांचा माल तर मी सगळ्यात जास्त परत पाठवलाय!” म्हणूनच ते नाव चांगलं. ज्याचा माल तुम्ही परत पाठवलात, तोच जर म्हणाला की बाईंनी माल परत पाठवला, पण दोन दिवस आमच्या भट्टीशी उभं राहून दोष कुठं आहे तेही शोधून दिलं, तर त्या वाक्याला व्हाइस प्रेसिडेंटच्या पानभर स्तुतीपेक्षा जास्त किंमत आहे. फक्त एक खबरदारी घ्यायला लावली. हे फाउंड्रीवाले नाशिकच्या त्या कंपनीलाही माल देतात का, ते आधी विचार. देत असतील तर हे नाव द्यायचं नाही, उद्या त्यांच्याच मालावर ती सही करणार असेल तर ते शोभणार नाही. ते देत नव्हते.

असेंब्लीच्या प्रमुखांबाबत वेगळीच अडचण होती. ते आता ती कंपनी सोडून छत्रपती संभाजीनगरला दुसरीकडे गेले होते. अशा वेळी उमेदवार त्यांचा घरचा ई-मेल देऊन मोकळे होतात आणि तपासणारी एजन्सी तो स्वीकारत नाही, कारण घरचा ई-मेल कुणीही कुणाच्याही नावानं उघडू शकतो. म्हणून असं नाव देताना माणूस पूर्वी कुठे, कोणत्या हुद्द्यावर होता, आता कुठे आहे, आणि चालेल असं त्यानं सांगितलं असेल तर त्याचा सध्याच्या कार्यालयाचा ई-मेल, हे सगळं एका ओळीत लिहावं. नाहीतर ‘रेफरन्स पडताळता आला नाही’ असा शेरा बसतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

रांजणगावची, म्हणजे सध्याची कंपनी यादीत नव्हती, आणि तेच बरोबर. तुम्ही नोकरी शोधताय हे सध्याच्या साहेबाला बाहेरच्या फोनवरून कळू नये. फॉर्ममध्ये बहुधा तशी चौकट असते. तिथं ‘सध्या संपर्क साधू नये’ असं स्पष्ट लिहावं. यात कुणाला वावगं वाटत नाही.

आता विचारायचं कसं. “सर, तुमचं नाव देऊ का?” हा प्रश्न कामाचा नाही. त्याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. भिडेखातर माणूस हो म्हणतो आणि फोन आल्यावर हात आखडता घेतो. प्रश्न असा विचारावा की समोरच्याला नाही म्हणण्याची वाट मोकळी राहील. मी भाचीला सांगितलं, असं विचार: “या कामासाठी माझ्याबद्दल तुम्हाला मनापासून चांगलं सांगता येईल का? नसेल तर मोकळेपणानं सांगा, मी दुसरं नाव देईन, मला वाईट वाटणार नाही.” मग उत्तरापेक्षा उत्तराची चाल ऐक. असेंब्लीच्या प्रमुखांनी लगेच विचारलं, “कधी फोन येणार? कुठली कंपनी? ते कास्टिंगचं सांगू ना?” हा झाला खरा होकार. “द्या की नाव, काय हरकत आहे,” हा होकार नव्हे, ही नुसती ना-हरकत आहे.

होकार मिळाला की त्या माणसाला तयार करायचं. १९९९ साली मला कुणीतरी जे सांगायला हवं होतं, तेच सांगायचं. एका पानात मावेल इतकंच. जागा कोणती आहे आणि त्यांना कसा माणूस हवाय, हे दोन वाक्यांत. आपण तिथं कोणत्या तारखांना, कोणत्या हुद्द्यावर होतो, कारण इतक्या वर्षांनी साहेबाला साल नक्की आठवत नाही आणि त्यानं २०२१ म्हटलं, बायोडाटात २०२३ असलं, की शंका सुरू होते. मग त्या माणसानं स्वतः पाहिलेले दोन किंवा तीन प्रसंग, आकड्यांसकट. आपण नोकरी का सोडली, हे मुलाखतीत जसं सांगितलं तसंच. शेवटी फोन साधारण कोणत्या दिवसांत, कुणाकडून येईल. ही शेवटची ओळ क्षुल्लक वाटते, पण हल्ली अनोळखी नंबर माणसं उचलतच नाहीत. तीन वेळा फोन करून कुणी उचलला नाही, तर एचआरमधली मुलगी पुढच्या उमेदवाराकडे वळते.

आणि एक गोष्ट करायची नाही. वाक्यं लिहून द्यायची नाहीत. मी स्वतः फोन करणाऱ्याच्या खुर्चीत बरीच वर्षं बसलो आहे. एकदा एकाच उमेदवाराबद्दल दोन माणसांनी मला सांगितलं की, तो ‘काम अंगावर ओढून घेणारा’ आहे. शब्दही तेच आणि क्रमही तोच. दोघंही कदाचित खरंच सांगत असतील, पण मी कानांत बोळे घातल्यासारखा झालो, पुढचं काही मला ऐकूच येईना. प्रत्येकाला वेगळा प्रसंग आठवून द्यावा आणि शब्द त्याचे त्याला सापडू द्यावेत.

आता मुख्य गाठ. भाचीचे मॅनेजर. तिनं त्यांचं नाव आपणहून यादीत घातलंच नव्हतं. कारण विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसली, मग सांगितलं. मार्च २०२३ च्या अखेरीला चाकणला नव्या लाइनची ग्राहकाकडून मंजुरी व्हायची होती. हिनं फेब्रुवारीच्या मध्याला राजीनामा दिला. नियमानं साठ दिवसांची नोटीस होती, पण नव्या कंपनीला घाई होती म्हणून हिनं उरलेल्या तीस दिवसांचे पैसे भरले आणि मार्चच्या मध्यालाच बाहेर पडली. नियमात बसत होतं. पण मंजुरीचं सगळं ओझं साहेबांवर पडलं. निरोपाच्या दिवशी ते फक्त “बरं” म्हणाले. त्यानंतर सव्वादोन वर्षं हिनं त्यांना फोन केला नव्हता.

“मामा, ते वाईट बोलणार नाहीत,” ती म्हणाली, “पण चांगलंही बोलणार नाहीत.”

श्रोतेहो, हाच तो कोमट अभिप्राय, आणि तो वाईट अभिप्रायापेक्षा फसवा असतो. कुणी उघड वाईट बोललं तर ऐकणारा निदान विचारतो की यांचं भांडण होतं का. पण “ठीक होती, काम करायची,” असं कुणी म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस सभ्यपणे काहीतरी झाकतोय. त्यातून आपल्याकडचे कित्येक जुने साहेब स्तुतीच्या बाबतीत हात राखून असतात. त्यांच्या तोंडी ‘ठीक आहे’ ही मोठी पसंती असते. त्यांच्या हाताखाली काम केलेल्याला ते कळतं, नाशिकच्या एचआरमधल्या मुलीला कसं कळणार? म्हणून पहिला प्रश्न हा, की साहेबाचा कोमटपणा स्वभावाचा आहे की कारणाचा? स्वभावाचा असेल तर प्रसंग आठवून दिले की भागतं. माणूस विशेषणं देत नाही, पण घडलेलं सांगतो. कारणाचा असेल तर त्या कारणाला हात घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

अशा वेळी लोक दोन चुकीच्या वाटा धरतात. एक म्हणजे साहेबाचं नाव गाळून त्याच खात्यातल्या मित्राला ‘माझे मॅनेजर’ म्हणून उभं करायचं. हे उघडकीला येतं, कधी लगेच, कधी रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी, आणि तेव्हा खोटी माहिती दिली एवढ्या एका कारणावर नोकरी जाते. दुसरी वाट म्हणजे मित्राकडून साहेबाला खोटाच फोन करवायचा, ‘अमुक कंपनीतून बोलतोय’ म्हणून, आणि ते काय बोलतात ते ऐकायचं. एकाच औद्योगिक पट्ट्यात माणसं एकमेकांना ओळखतात, ही गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. मग कोमट साहेब खरोखरच तापतो.

नाव सरळ गाळणंही तिला परवडणारं नव्हतं. जवळजवळ पाच वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली काढली त्याचं नाव नाही, हे कुणाच्याही नजरेत भरतं. म्हणून मी तिला म्हटलं, “तू जाऊन भेट. नाव देण्यासाठी भेट असं नव्हे. सव्वादोन वर्षं जे बोलली नाहीस ते बोलायला भेट.”

ती एका शनिवारी गेली. तिनं नंतर मला सगळं सांगितलं. सुरुवातीलाच म्हणाली, “सर, मी तेव्हा ऐन मंजुरीच्या आधी गेले. तुमची फार अडचण झाली असणार. मी नियमानं गेले, पण तुमच्याशी बसून बोलायला हवं होतं, ते मी केलं नाही.” साहेब बराच वेळ चहा ढवळत राहिले. मग म्हणाले, “तू काम चांगलं करायचीस. पण मध्येच सोडून गेलीस. बारा दिवस मी रात्री अकराला घरी जात होतो.” तिनं सबबी सांगितल्या नाहीत. थोड्या वेळानं तिनं नेमका प्रश्न विचारला, जो आम्ही आधी ठरवला होता: “सर, उद्या कुणी माझ्याबद्दल विचारलं तर तुम्ही काय सांगाल?”

ते म्हणाले, “जे आहे तेच सांगेन.”

“तेच सांगा,” ती म्हणाली. “मध्येच गेले हेही सांगा. फक्त त्याबरोबर मी काय देऊन गेले तेही सांगाल का?” जाताना तिनं अकरा पुरवठादारांची टिपणं करून ठेवली होती. कुणाच्या मालात कोणता दोष येतो, तो कसा पकडायचा, कुणाशी बोलायचं. साहेबांना ती फाइल आठवली. म्हणाले, “ती फाइल तुझी होय? ती तर आम्ही अजून वापरतो.”

इथं नीट पाहा. तिनं त्यांचं मत बदलायला लावलं नाही. अर्धं खरं होतं ते पूर्ण खरं करायला सांगितलं. कोमट अभिप्राय बहुतेक वेळा खोटा नसतो, अपुरा असतो.

दुसरं काम तिनं नाशिकच्या एचआरकडे केलं. फोन होण्याआधीच तिनं तिथल्या बाईंना सांगितलं, “मी चाकण सोडलं तेव्हा एक महत्त्वाचं काम चालू होतं आणि मी नोटीस कमी केली. माझ्या सरांची त्यावरून नाराजी होती आणि ती रास्त होती. ते तुम्हाला याबद्दल बोलतील. काम कसं सोपवलं ते बघायचं असेल तर माझ्यानंतर ज्यानं ते सांभाळलं त्याचंही नाव देते.” एवढंच. साहेबांविरुद्ध एक शब्द नाही, लांबण नाही. गोष्ट आपल्या तोंडून आधी गेली की ती माहिती असते, तीच नंतर दुसऱ्याकडून कळली की तो ‘शोध’ होतो. पण हे सांगायचं ते शेवटच्या टप्प्यात, रेफरन्स मागितल्यावर. पहिल्याच मुलाखतीत आपणहून काढायची ही गोष्ट नव्हे.

तिसरं, तिनं चाकणची तीन वर्षांची अप्रेझलची पत्रं काढून ठेवली. साहेबांनीच त्या वेळी सही करून दिलेला चांगला शेरा कागदावर असतो, आणि स्मरणशक्तीपेक्षा तो पक्का असतो. नोकरी सोडताना ही आपल्याला मिळालेली पत्रं घरी असावीत. नंतर मागायला गेलं की मिळत नाहीत. कंपनीचे नकाशे, आतले हिशेब मात्र चुकूनही बरोबर घेऊ नयेत. रेफरन्स चांगला करायच्या नादात तिथंच विश्वास जातो.

पुढे काय झालं ते सांगतो. नाशिकहून साहेबांना फोन गेला. ते स्तुती करणारे नव्हतेच. त्यांनी सांगितलं, काम चोख, हजारी २८ वरून ६ वर आणलं, टिपणं सोडून गेली ती आजही वापरतो, पण ऐन वेळी गेली आणि मला ते लागलं. “पुन्हा घ्याल का?” यावर म्हणाले, “घेईन, पण या वेळी नोटीस पुरी करून घेईन.” एचआरच्या बाईंनी त्यानंतर तिच्याजागी आलेल्या मुलालाही फोन केला. उत्तर यायला आणखी आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत भाचीनं मला रोज दोनदा फोन केला. मग पत्र आलं. त्यात रुजू होण्याची तारीख रांजणगावची नोटीस पूर्ण होईल अशी धरलेली होती. तीच अट तिनं स्वतः घालून घेतली होती.

हे जमलं, कारण साहेब रागावलेले होते, पण सरळ होते. काही वेळा असं नसतं. खरोखर आकसानं खोटं सांगणारा वरिष्ठही असतो. तिथं बोलून काही होत नाही. मग त्याच्या वरचा अधिकारी, त्याच्याआधीचा मॅनेजर, किंवा दुसऱ्या खात्याचा प्रमुख अशी नावं द्यावीत, आणि नव्या कंपनीला एका वाक्यात सांगावं की, थेट वरिष्ठांशी कामाच्या पद्धतीवरून मतभेद होते, म्हणून मी ज्यांनी काम पाहिलं अशा या दोघांची नावं देतो. त्याचबरोबर जुन्या कंपनीच्या एचआरला लेखी विनंती करावी की चौकशी आल्यास ती तुमच्याकडूनच, नोंदीप्रमाणे व्हावी.

आणखी एक प्रकार लोकांना घाबरवतो. काही मोठ्या कंपन्यांत वरिष्ठांनी मत द्यायचंच नाही असा नियम असतो. फक्त तारखा आणि हुद्दा. इंग्लंडमध्ये १९९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं एका विमा कंपनीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, जुन्या नोकराबद्दल निष्काळजीपणानं अभिप्राय दिला आणि त्याचं नुकसान झालं, तर मालक जबाबदार धरला जाऊ शकतो. अशी भीती असली की कंपनीला कमी बोलणं बरं वाटतं. ही नकारघंटा नव्हे. फक्त तसा नियम आहे हे नव्या कंपनीला आधी सांगून ठेवावं, म्हणजे त्या मौनाचा भलता अर्थ निघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना शेवटी सांगतो. हातातल्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी नव्या कंपनीला सरळ विचारा, “रेफरन्सचे फोन झाले का? अजून कोणती तपासणी बाकी आहे?” ऑफर लेटरमध्ये ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ अशी एक ओळ बारीक अक्षरांत असते. ती वाचून मगच सही करा. पत्र हातात आलं म्हणून कित्येक जण दुसऱ्याच दिवशी राजीनामा देतात आणि कोमट फोन त्यानंतर होतो. भाचीनं विचारलं होतं. फोन झाल्याचं लेखी कळल्यावरच तिनं रांजणगावला कागद दिला.

नोकरी लागल्यावर तिघांनाही कळवायचं आणि आभार मानायचे, हे सांगायला नको. तिनं साहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “बरं.” पण आता त्या ‘बरं’चा अर्थ तिला कळत होता.

बसस्टॉपवरच्या त्या तरुणाला मात्र मी नंतर पुष्कळ शोधलं. पुन्हा कुठली कंपनी विचारती झाली तर त्या मशीनचं सांगावं, असं मनात होतं. कुणी विचारलं नाही. आता तुमच्यापैकी कुणी साहेबाच्या खुर्चीत असाल, आणि असा फोन तुम्हाला जेवताना आला, तर एवढंच म्हणा: “दहा मिनिटांनी करा, मी जरा आठवतो.”